रात्रीचा इसबगोल आणि फुगलेलं पोट

"रोज रात्री झोपताना दोन मोठे चमचे इसबगोल गरम दुधातून घ्या. भूक मरते, महिन्यात पाच किलो वजन उतरतं. पोट फुगलं तर घाबरू नका, आतली घाण सुटतेय, उलट प्रमाण वाढवा. इसबगोल नसेल तर गव्हाचा कोंडा घ्या, फायबर ते फायबर. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट शून्य."

वजन उतरवण्याचा हा सल्ला एकेक वाक्य घेऊन तपासू. वेळेपासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. इसबगोलाचा भुसा पाणी शोषतो आणि त्याचा घट्ट, बुळबुळीत लगदा होतो. हा लगदा जठरात अन्नात मिसळला की अन्न पुढे सावकाश सरकतं, आणि पोट भरल्याची जाणीव थोडी जास्त टिकते. म्हणजे भुकेसाठी घ्यायचा तर तो जेवणाच्या थोडा आधी किंवा जेवणाबरोबर पोटात असायला हवा. जेवून, भांडी आवरून, अंथरुणावर पडताना घेतला तर त्याने मारायची ती कोणाची भूक? सकाळी पोट साफ व्हावं म्हणून रात्री, पण झोपण्याच्या बराच आधी, घेणं ठीक आहे. पण ते काम वेगळं, आणि या सल्ल्यात दोन्ही कामं एकाच चमच्यात कोंबली आहेत.

भूक किती कमी होते, हे मोजलं गेलं आहे. एका चाचणीत निरोगी माणसांना नाश्त्याआधी आणि दुपारच्या जेवणाआधी ३.४, ६.८ किंवा १०.२ ग्रॅम इसबगोल दिला. ६.८ ग्रॅमला दोन जेवणांच्या मधली भूक बऱ्यापैकी सातत्याने कमी झालेली दिसली. त्याहून जास्त दिल्याने फारशी भर पडली नाही. या चाचणीत इसबगोलाची उत्पादनं विकणाऱ्या कंपनीचे संशोधक होते, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी. पण तिचा निष्कर्षही "थोडी कमी भूक" एवढाच आहे, भूक मरण्याचा नाही.

आता पाच किलोंचा हिशोब. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७,७०० कॅलरी. पाच किलोंच्या ३८,५०० झाल्या, म्हणजे महिनाभर रोज जवळजवळ १,३०० कॅलरी कमी. बऱ्याच बायकांचं दिवसभराचं खाणंच १,६०० ते १,८०० कॅलरींचं असतं. संध्याकाळची दोन बिस्किटं टळली, भाताचा एक वाढा कमी झाला, एवढं इसबगोल करू शकतो. त्यातून काही महिन्यांत एखाद-दोन किलोंचा फरक पडला तर नवल नाही, न पडला तरीही नाही. पहिल्या आठवड्यात काटा खाली आला तर त्यात बद्धकोष्ठ सुटल्याचा वाटा मोठा असतो.

पोट फुगण्याबद्दलचं वाक्य मात्र नुसतं चुकीचं नाही, घातक आहे. फुगणं म्हणजे घाण सुटणं नव्हे. मोठ्या आतड्यात सुटून बाहेर पडायची वाट बघणारी अशी कुठली घाण चिकटून बसलेली नसते. तिथे जीवाणू असतात, आणि ते फायबर आंबवून वायू करतात. गंमत म्हणजे या बाबतीत इसबगोल बराच सभ्य आहे. तो फार थोडा आंबतो. चिकोरीच्या मुळापासून काढलेलं इन्युलिन हे फायबर मात्र झपाट्याने आंबतं, आणि प्रोटीन बार, फायबर गमीज, "हाय फायबर" बिस्किटं यांत हल्ली तेच सर्रास असतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी आयबीएस, म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी वारंवार होणारा आतड्याचा विकार, असलेल्या रुग्णांच्या आतड्यातला वायू एमआरआयने मोजला. नुसत्या इन्युलिनने तो चांगलाच वाढला. त्याच्याच जोडीला इसबगोल दिल्यावर ती वाढ बरीच आटोक्यात राहिली.

मग इसबगोल घेऊनही पोट ढमढमतं का? कारणं बहुधा आजूबाजूला सापडतात. समजा, पंचेचाळिशीची एक बाई हाच सल्ला पाळतेय. रात्री दोन मोठे चमचे भुसा एक पेला दुधातून, चार वाजता डब्यातला प्रोटीन बार, दिवसभर एसीत बसून पाणी जेमतेम, आणि मुळात शौचाला दोन-तीन दिवसांआड. चौथ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं. इथे चार गोष्टी एकदम आहेत: दूध पचत नसेल तर त्यातली साखर, बारमधलं इन्युलिन, एकदम वाढवलेलं प्रमाण, आणि आधीच साचलेल्या मळावर आणखी भर. चारही एकदम बदलल्या तर दोष कोणाचा ते कळणार नाही. आधी दुधाच्या जागी पाणी. दोन-तीन दिवसांत फरक नसेल तर बार बंद. भुसा चहाच्या एका सपाट चमच्यावर आणायचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम. मोठा चमचा पाच ग्रॅमच्या आसपास जातो आणि बारीक पूड असेल तर त्याहून जास्त भरते, त्यामुळे एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघावं. तो चमचा दुपारच्या जेवणाआधी मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून, घट्ट व्हायच्या आत प्यायचा. आठवडाभर पोट शांत राहिलं तर दुसरा चमचा. या क्रमाने बहुतेकांना आपलं प्रमाण सापडतं. एवढ्या थोड्यावरही पोट फुगत असेल आणि जोर करूनही पोट पूर्ण साफ होत नसेल, तर अडचण मळ बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंची असू शकते. तिथे जास्त फायबर म्हणजे जास्त त्रास, डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

कोंड्याचा पर्याय झटक्यात निकालात काढता येतो. गव्हाचा कोंडा पाण्यात विरघळत नाही, त्याचा लगदा होत नाही, त्यामुळे भुकेवरचं इसबगोलाचं काम तो करत नाही. नेदरलँड्समध्ये आयबीएसच्या २७५ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली, २००९ साली ती प्रसिद्ध झाली: इसबगोलाने लक्षणं कमी झाली, आणि कोंडा घेणाऱ्यांतले बरेच जण त्रास वाढला म्हणून अर्ध्यातच बाहेर पडले. ज्यांचं पोट मुळात नाजूक नाही त्यांना पोळीतला कोंडा खुशाल चालतो.

राहिला "साइड इफेक्ट शून्य". जो गुण जठरात उपयोगी, तोच घशात धोक्याचा. कोरडा भुसा तोंडात टाकून वर दोन घोट पाणी घेतलं तर तो अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. अमेरिकेत अशा उत्पादनांवर गुदमरण्याचा इशारा छापणं म्हणूनच बंधनकारक आहे. गिळायला त्रास होणारे वयस्क, पार्किन्सनचे रुग्ण, आतडं कुठे अरुंद झालेलं किंवा नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेले, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि अगदी झोपताना तर कोणीच घेऊ नये, कारण लगेच आडवं व्हायचं असतं. घेतल्यावर पोटात जोराच्या कळा, उलट्या, आणि वायूही सरत नाही अशी अवस्था झाली तर पुढचा चमचा नाही, थेट दवाखाना.

औषधांचंही असंच. लगदा गोळीला धरून ठेवू शकतो, म्हणून दोहोंत किमान दोन तासांचं अंतर ठेवतात. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी घेणाऱ्यांना दुपारच्या जेवणाआधीची वेळ त्यासाठीही सोयीची. मधुमेहाची औषधं चालू असतील तर सुरुवातीचे दिवस साखर जरा जास्त वेळा तपासावी, कारण जेवणानंतरची साखर इसबगोलाने थोडी खाली येऊ शकते आणि गोळीचं प्रमाण मात्र जुन्याच हिशोबाने ठरलेलं असतं.