कोल्हा, कावळा आणि सिंह यांच्या जागा

«गोष्टींतला कोल्हा लबाड, कावळा मूर्ख आणि सिंह शूर असतो, कारण आपल्या पूर्वजांनी या प्राण्यांचे स्वभाव जवळून पाहिले होते. म्हणूनच जगभर त्यांच्या भूमिका सारख्याच आहेत.»

हा समज तपासायला कावळ्यापासून सुरुवात करू. चोचीतला घास स्तुतीला भुलून गमावणारा कावळा सर्वांना पाठ असतो. पण त्याच इसापाच्या परंपरेत भांड्यात खडे टाकून पाणी वर आणणाराही कावळाच आहे. पंचतंत्रातल्या काकोलूकीयात तर कावळ्यांच्या मेघवर्ण राजाचा वृद्ध मंत्री स्थिरजीवी, स्वकीयांनीच हाकलून दिल्याचे सोंग करून, घुबडांच्या गुहेत आश्रय मिळवतो, घरट्याच्या निमित्ताने दाराशी काटक्या रचत राहतो आणि घुबडांना दिसत नाही अशा दिवसाच्या वेळी त्या पेटवून घेतो. हा मूर्खपणा कुठल्याही अर्थाने नव्हे.

याहून बोलका पुरावा पाली जातककथांत एकमेकींना लागून असलेल्या दोन गोष्टींचा आहे. २९४ क्रमांकाच्या कथेत कावळा जांभळाच्या झाडावर फळे खात बसला आहे आणि खाली कोल्हा त्याच्या आवाजाची स्तुती करतो. कावळा भुलून घास गमावत नाही. ‘कुलीनालाच कुलीनाची पारख असते’ असे म्हणून तो कोल्ह्याला वाघाच्या बछड्याची उपमा देतो आणि फांदी हलवून फळे पाडतो. खोट्याला खोट्याने दिलेली ही दाद वृक्षदेवता ऐकते आणि दोघांनाही हाकलते. २९५ क्रमांकाच्या कथेत पात्रे तीच, पण मांडणी उलटी. मेलेल्या बैलाचे मांस आता कोल्ह्यापुढे आहे आणि उपाशी कावळा त्याला म्हणतो की तुझे खांदे वृषभासारखे, तुझे आळोखेपिळोखे सिंहासारखे, हे मृगराजा, तुला नमस्कार असो, आम्हालाही काही मिळू दे. या वेळी देवता एरंडाच्या झाडात राहते.

लबाडी कोल्ह्याच्या रक्तात आणि भोळेपणा कावळ्याच्या रक्तात असता, तर ही अदलाबदल शक्यच झाली नसती. ज्याच्याकडे अन्न आहे त्याची स्तुती होते आणि ज्याच्याकडे नाही तो स्तुती करतो. भूमिका त्यावरून ठरते. विशेष म्हणजे पहिल्या कथेतली देवता त्या दोघांना दूषण देते तेही त्यांच्या खाण्यावरून, म्हणजे एक ओकलेले खाणारा आणि दुसरा प्रेत खाणारा म्हणून.

निरीक्षणाचा वाटा मी नाकारत नाही. तो या खाण्यातच आहे. शिकाऱ्याने उरवलेल्या मांसावर कोल्हे आणि कावळे येतात, हे खरोखर पाहिलेले आहे. गोष्टीने त्यातून स्वभाव घेतला नाही, नाते घेतले: एक मारणारा आणि त्याच्या उष्ट्यावर जगणारे दोघे. पंचतंत्राच्याच मित्रभेदात करटक आणि दमनक हे कोल्हे अधिकार गमावलेले मंत्रिपुत्र आहेत, आणि दमनक राजकारणात हात घालू पाहतो तेव्हा करटक त्याला सांगतो की उरलेसुरले अन्न आपल्याला मिळतेच आहे, मग हा उद्योग कशाला. उष्टे खाणारा प्राणी इथे पद गेलेला दरबारी झाला आहे, आणि त्याची चतुराई ही त्या पदाची गरज आहे.

सिंहाच्या शौर्याचा दावा तर याच कथेच्या आरंभी मोडतो. पाणी प्यायला यमुनेकडे निघालेला पिंगलक, संजीवक बैलाची न ओळखलेली डुरकणी ऐकून, घाबरून वडाखाली थांबतो, आणि राजा घाबरला आहे हे ओळखल्यामुळेच दमनकाला संधी दिसते. दुसरा सिंह भासुरक विहिरीतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर उडी घेऊन मरतो. शौर्य नसले तरी ही पात्रे चालतात. मात्र सत्ता काढून घेतली तर गोष्ट उभीच राहत नाही, कारण सर्वांना त्याच्यापाशी जावे लागते, हे तिचे पहिले गृहीतक असते. चार ओळींच्या गोष्टीत राजाची ओळख करून द्यायला जागा नसते; ‘सिंह’ हा एक शब्द ते काम करतो.

‘जगभर सारख्याच’ या शब्दांमागे भाषांतराचाही गोंधळ आहे. मराठीतला कोल्हा म्हणजे संस्कृतातला शृगाल. ग्रीक आणि लॅटिन गोष्टींतला प्राणी मात्र आपल्या खोकडाच्या जातीचा आहे. मुख्यतः उंदीर आणि किडे शोधणारे खोकड सिंहाच्या मागे उष्ट्यासाठी फिरत नाही, तरीही त्या गोष्टींत ते आजारी सिंहाच्या गुहेपुढे उभे राहून आत गेलेल्या आणि बाहेर न आलेल्या पावलांचे ठसे मोजते. प्राणी बदलला तरी दरबारातली जागा तीच राहिली. आणि पश्चिम आफ्रिकेत फसवणाऱ्याची जागा अनान्सी नावाच्या कोळ्याकडे आहे, तर उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ती डोमकावळ्याकडे, म्हणजे इकडे ज्याला मूर्ख म्हटले त्याच्याच भाऊबंदाकडे.