वायरलेसची उरलेली केबल डिशला चालेल का?

"वायरलेस सेटची आरजी-५८ केबल उरली आहे. ५० ओहम म्हणजे डिशच्या केबलच्या ७५ पेक्षा अडथळा कमी, मग डिशला सिग्नल जास्तच मिळेल."

नाही. हा ओहम तारेचा रोध नाही, मल्टीमीटरवर तो दिसत नाही. आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्या व्यासांचं प्रमाण व मधलं इन्सुलेशन यावरून तो ठरतो. केबल लांब असो वा आखूड, तोच राहतो. ५० आणि ७५ च्या सांध्यावर सुमारे ४ टक्के शक्ती उलट फिरते. खरं सांगायचं तर एवढ्याने चित्र जात नाही.

खरा घात केबलमधल्या घटीचा. डिशचा सिग्नल केबलमधून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरतो. १००० मेगाहर्ट्झला डिशच्या नेहमीच्या २० मीटर आरजी-६ केबलमध्ये साधारण ४ डेसिबल जातात, आरजी-५८ मध्ये १० ते १४. वरच्या चॅनेलना फटका आणखी मोठा.

शिवाय डिशच्या केबलच्या टोकाला बसणाऱ्या एफ कनेक्टरमध्ये केबलची मधली तारच पिन असते. आरजी-६ ची तार सुमारे १ मिलिमीटरची, एकसंध. आरजी-५८ ची बहुधा बारीक तारांची. ती सॉकेटमध्ये वाकते. केबलही बारीक, त्यामुळे आरजी-६ चा कनेक्टर तिच्यावर सैल बसतो. हाताने हलकेच ओढून पाहा, निसटेल.