पडद्याचा रॉड, आगपेटीच्या काड्या आणि सोडा-ग्लू

"पडद्याचा रॉड भिंतीतून उपटून आला? मिस्त्रीला पाचशे रुपये देऊ नका! भोकात आगपेटीच्या काड्या ठोका, वर खायचा सोडा आणि सुपरग्लूचे थेंब टाका, दगडासारखं घट्ट होतं. भिंत विटेची असो, काँक्रीटची असो की पार्टिशनची, एकच उपाय. तरी सैल वाटलं तर जाड स्क्रू घाला. सर्वांना पाठवा."

हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला आणि चौथ्यांदा सख्ख्या बहिणीने पाठवला, कारण तिच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधला हॉलचा रॉड वर्षात दुसऱ्यांदा खाली आला होता. बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून तिला फोनवर काही सांगण्याऐवजी ड्रिल घेऊन गेलो. तिथे जे दिसलं तेच धरून उत्तर देतो.

आधी सोडा आणि ग्लू. यात खोटं काही नाही, मिश्रण खरंच काही सेकंदांत कडक होतं. ते गरमही होतं, आणि त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. प्रश्न ते कशाला चिकटतं हा आहे. एकदा उपटलेल्या भोकाच्या आतल्या बाजूला विटेची किंवा गिलाव्याची पूड बसलेली असते. ग्लू त्या पुडीला धरतो आणि पूड कशालाच धरत नाही. वर ते मिश्रण काचेसारखं ठिसूळ असतं. पडदा रोज दोनदा ओढला जातो, प्रत्येक वेळी ब्रॅकेटला हिसका बसतो, आणि ठिसूळ वस्तूला स्थिर वजनापेक्षा हिसका जास्त जड जातो. बहिणीकडे पहिल्या वेळी शेजाऱ्यांनी हाच प्रयोग केला होता. दुसऱ्या वेळी रॉड पडला तेव्हा स्क्रूला चिकटून पांढऱ्या खडकासारखा गोळा बाहेर आला, आणि त्याच्या अंगाला सगळीकडे गिलाव्याची वाळू. ग्लू तुटला नव्हता, गिलाव्याने त्याला सोडून दिलं होतं.

काड्यांबद्दल मला थोडं हळवं व्हायला हवं, कारण लाकूड भिंतीत ठोकणं हा आपल्याकडचा जुना आणि चांगला रिवाज आहे. पण जुने सुतार काड्या ठोकत नसत. ते सागवानाची गुट्टी करायचे, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद. भिंतीत चौकोनी खाच खणून, रुंद टोक आत ठेवून, ती चुन्यात किंवा सिमेंटात बसवायचे. बाहेर ओढली तर ती आणखी अडकायची. आगपेटीची काडी मऊ लाकडाची असते आणि तिला असा आकार नसतो. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मे महिन्यात स्क्रू बोटाने फिरायला लागतो.

स्क्रूच्या आधी भोकात बसवायची प्लास्टिकची गिट्टी वेगळ्या पद्धतीने काम करते. दुकानात आजही काही लोक तिला रावळ प्लग म्हणतात. ते नाव जॉन रॉलिंग्ज या इंग्रज ठेकेदाराचं, ज्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तागाच्या तंतूंची गिट्टी बनवली. पुढे १९५८ मध्ये जर्मनीतल्या आर्थर फिशरने नायलॉनची काढली. दोन्हींची युक्ती एकच: स्क्रू आत शिरतो तसा प्लगचा मागचा भाग फुलतो आणि भोकाच्या भिंतींना दाबतो. पकड त्या दाबातून येते. म्हणजे ज्या पदार्थाला दाबायचं तो पदार्थ कडक हवा. मेसेजमधलं चौथं वाक्य, म्हणजे सगळ्या भिंतींना एकच उपाय, सगळ्यात जास्त चुकीचं आहे ते याच कारणाने.

बहिणीच्या खिडकीत एक मजा होती. दोन्ही वेळा रॉड पडला तो डावीकडून. उजवं ब्रॅकेट जागचं हललंही नव्हतं. त्याच कंपनीच्या त्याच पाकिटातल्या गिट्ट्या, एकाच माणसाने बसवलेल्या. खिडकीच्या उजव्या बाजूला इमारतीचा कॉलम आहे, म्हणजे भरीव काँक्रीट. डाव्या बाजूला विटेची भिंत. खिडकीवर लिंटेल, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई, आहे, पण लिंटेल खिडकीच्या बाहेर साधारण १५ सेंटीमीटरच जातं. पडदा बाजूला सारल्यावर पूर्ण काच उघडी राहावी म्हणून तिने ब्रॅकेट २४ सेंटीमीटर बाहेर लावायला सांगितलं होतं. म्हणजे लिंटेल संपल्यावर ९ सेंटीमीटर पुढे, विटेत.

आणि विटेत तरी ते किती होतं? भोकात बारीक तार घालून मोजलं. गिलाव्याची जाडी १८ एमएम. स्वस्त पांढरी गिट्टी २५ एमएम लांब. म्हणजे विटेत जेमतेम ७ एमएम. बाकी सगळा दाब गिलाव्यावर, जो वाळू-सिमेंटचा आणि दाबला की कडेने तुटणारा. माझ्या पाहण्यातल्या पडद्याच्या बहुतेक पडझडीत मुळाशी हेच असतं. ओळखायला सोपं आहे: उपटलेल्या गिट्टीबरोबर बशीसारखा गिलाव्याचा तुकडा आला तर गिट्टी भिंतीत नव्हतीच.

भिंत कोणती ते ड्रिलच सांगतो, म्हणून पहिले चार सेकंद ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोकत भोक करायची सोय, बंद ठेवून भोक करावं आणि पुडीकडे पाहावं. आधी राखाडी वाळू, मग लाल पूड, तर वीट. राखाडी बारीक पूड येते आणि बिट पुढे सरकतच नाही, तर काँक्रीट. आता हॅमर चालू करा. तांदळाच्या पिठासारखी हलकी राखाडी-पांढरी पूड आणि बिट लोण्यातून गेल्यासारखं गेलं, तर हलका ब्लॉक, ज्याला आपल्याकडे सगळेच सिपोरेक्स म्हणतात. पांढरी खडूची पूड आणि एकदम पोकळीत धक्का, तर जिप्सम बोर्ड. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्याच्या घरांत आणखी वेगळं: चिऱ्यातल्या बिळात बिट गेलं तर तीच भिंत एका जागी भरीव आणि दोन इंचांवर पोकळ निघते, तेव्हा भोक थोडं सरकवा.

काँक्रीटमध्ये चूक करायला फारशी जागा नसते. ६ एमएमची साधी नायलॉन गिट्टी पुरते, फक्त भोक गिट्टीपेक्षा १० एमएम खोल हवं आणि आतली पूड फुंकून किंवा पंपाने काढलेली हवी. बिट खटकन थांबलं आणि पुढे जाईना तर बहुधा सळई लागली. जोर करू नका, दोन-तीन सेंटीमीटर बाजूला नवं भोक घ्या. खिडकीजवळ एसीचा पॉइंट असेल तर त्याच्या सरळ वर आणि आडव्या रेषेत ड्रिल चालवायचाच नाही, वायर तिथूनच गेलेली असते.

हलक्या ब्लॉकमध्ये हॅमर लावला की भोक घंटेसारखं रुंद होतं. तिथे हॅमर पूर्ण बंद, गिट्टीपेक्षा एक एमएम बारीक बिट, आणि लांब गिट्टी. जिप्समच्या पार्टिशनमध्ये बोर्ड फक्त १२.५ एमएम असतो. गिट्टी मागे पोकळीत फुलते, दाबायला तिथे काहीच नसतं. लोहचुंबक भिंतीवर फिरवला की बोर्डाचे स्क्रू कुठे आहेत ते कळतं आणि त्यामागे पत्र्याचा उभा सांगाडा असतो. ब्रॅकेट तिथे आलं तर पत्र्याचा स्क्रू थेट त्यात जातो. नाही आलं तर मागे पंख उघडणारा बोल्ट, पण तो फक्त हलक्या पडद्याला. जड ब्लॅकआउट पडदा असेल तर दोन सांगाड्यांना धरणारी लाकडी पट्टी आडवी लावा आणि ब्रॅकेट पट्टीवर बसवा. खरं तर पार्टिशन उभं करतानाच आत प्लायचा तुकडा टाकून घ्यायला हवा होता, पण ते तेव्हा कुणाला सुचत नाही.

आता जाड स्क्रू. गिट्टीवर लिहिलेल्या मापापेक्षा जाड स्क्रू घातला की दाब वाढतो हे खरं. पण कडेला विटेची धार किंवा दोन विटांमधला सांधा असेल तर तो दाब वीट फोडतो, आणि गिट्टी मुळात गिलाव्यातच असेल तर गिलाव्याची बशी आधीच निघते. जाडी वाढवून फायदा कमी, खोली वाढवून जास्त. बहिणीकडे असं केलं. ८ एमएमचं भोक, ८० एमएम खोल, विटेत हॅमर बंद ठेवून. (बाहेरची भिंत ९ इंची होती म्हणून ८० चाललं, आतल्या ४ इंची भिंतीत इतकं खोल गेलात तर शेजारच्या खोलीत गिलावा फुगू शकतो.) ५० एमएमची नायलॉन गिट्टी १५ एमएम आत ढकलली, म्हणजे तिचा फुलणारा मागचा भाग पूर्ण विटेत आला. ५ एमएम जाड, ७५ एमएम लांब स्क्रू, जेणेकरून टोक गिट्टीच्या थोडं पलीकडे निघेल. टोक आतच राहिलं तर गिट्टी नीट फुलत नाही. जुनं सैल भोक मी वापरलं नाही, ब्रॅकेट तीन सेंटीमीटर वर सरकवलं आणि जुन्या जागी पुटी भरली.

इतका खटाटोप का, असं तिचं म्हणणं. ब्रॅकेट भिंतीपासून १० सेंटीमीटर बाहेर येतं आणि वरचा स्क्रू प्लेटच्या खालच्या कडेपासून ५ सेंटीमीटर वर आहे. रॉड आणि पडद्यांचं वजन मिळून ५ किलो, म्हणजे एका ब्रॅकेटवर अडीच. पण ब्रॅकेट खालच्या कडेवर कलंडायला बघतं, म्हणून वरच्या स्क्रूला बाहेर ओढणारी ताकद दुप्पट, ५ किलो. एवढं गिलावाही पेलेल. मात्र तिचा चार वर्षांचा मुलगा पडद्याला लोंबकळतो. १५ किलोचं मूल एका टोकाला लटकलं की स्क्रूवर ३० किलो, झटका वेगळाच. मधलं तिसरं ब्रॅकेट मी म्हणूनच लावलं. सहा फुटांचा रॉड दोनच ब्रॅकेटांवर वाकतोही.

लावल्यावर पडदा लगेच चढवला नाही. डाव्या ब्रॅकेटला ५ लिटर पाण्याची बादली रात्रभर टांगली. सकाळी वहीच्या कागदाची पट्टी प्लेटच्या वरच्या कडेमागे सरकवून पाहिली. ती शिरली असती तर स्क्रू बाहेर सरकला असा अर्थ होता. ती शिरली नाही, म्हणून बादली उतरवली आणि पडदे चढवले.