स्टेथोस्कोपमधून दिसतं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "तुमचा लेख म्हणजे निव्वळ शब्दखेळ. बायो म्हणजे जीव, जिओ म्हणजे पृथ्वी, ग्राफ म्हणजे लिहिणं, स्कोप म्हणजे पाहणं, एवढं पाठ केलं की विज्ञानाचं पुस्तक उलगडतं म्हणे! मग स्टेथोस्कोपमधून डॉक्टरांना काय दिसतं ते सांगा. ऑक्सिजनचा अर्थ 'आम्ल करणारा', तो तर चक्क चूक. स्वतःला ग्रीक येत नसताना पोरांना ग्रीक शिकवायचा उद्योग बंद करा."

नमस्कार. विज्ञानातले अवघड शब्द तुकड्यांत तोडून त्यांचा अर्थ लावायची पद्धत मी लेखात सांगितली होती, त्यावरची ही प्रतिक्रिया. 'म्हणे', 'पोरांना', 'उद्योग', 'बंद करा'... पाच वाक्यांत एवढा मसाला! मतभेद साध्या शब्दांतही मांडता येतात. आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळे फटकळ प्रश्नांची सवय आहे. पण ते विचारणारी मुलं चौदा वर्षांची असतात, त्यांना माफ असतं. असो. 'पुस्तक उलगडतं' हे शब्द माझ्या लेखात कुठेही नाहीत, ते तुमच्या पदरचे.

ऑक्सिजनचं मात्र बरोबर आहे, ते मान्य. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, असं लाव्हाझिएला वाटलं, म्हणून त्यानं ते नाव दिलं. मिठाच्या आम्लात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजनचा लवलेश नाही, हे हम्फ्री डेव्हीनं 1810 च्या सुमारास दाखवलं, तोवर नाव रुळून गेलं होतं. नाव ठेवणाऱ्याला त्या वेळी काय वाटलं, ते शब्दाच्या मूळ धातूवरून कळतं. पुढे ते खरं ठरलं की नाही, ते कळत नाही. मूलद्रव्यांच्या नावांना ही पद्धत लावू नये, एवढं ठरवलं की हा विषय संपला.

आता स्टेथोस्कोप. हा प्रश्न तुम्ही मला गप्प करायला विचारलात, पण खरं तर तो फार चांगला आहे.

1816 मध्ये पॅरिसच्या लाएनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी करून तिचं एक टोक रुग्णाच्या छातीवर टेकवलं आणि दुसरं कानाला लावलं. त्यातून पुढे जे यंत्र झालं त्याचं हे नाव. 'स्टेथोस' म्हणजे छाती. 'स्कोपेइन' म्हणजे पाहणं, पण कसं पाहणं? आपल्याकडे वैद्य 'नाडी पाहतात', तसं. नाडी डोळ्यांनी कोण पाहतं? स्कोप म्हणजे तपासणं, कानोसा घेणं, आत काय चाललंय त्याचा सुगावा लावणं. 'स्कोप म्हणजे पाहणं' एवढंच पाठ केलं तर मूल अडतं हे खरं, म्हणून लेखात शब्दांच्या शेवटी येणारी ही शेपटं एकेकटी न शिकवता स्कोप, मीटर, ग्राफ आणि ग्राम अशी चौकडी एकत्र शिकवावी असं लिहिलं होतं. तो भाग तुम्ही वाचलेला दिसत नाही.

इलेक्ट्रोस्कोप घ्या. काचेची बरणी, तिच्या बुचातून आत उतरलेला धातूचा दांडा, दांड्याच्या वरच्या टोकाला चकती आणि खालच्या टोकाला सोन्याच्या वर्खाची दोन पानं. रेशमावर घासलेली काचेची कांडी चकतीजवळ नेली की पानं एकमेकांपासून फाकतात. म्हणजे कांडीवर प्रभार आहे. किती आहे? ते हे यंत्र सांगत नाही, कारण तो नुसता स्कोप आहे. किती ते आकड्यात सांगणारं यंत्र हवं असेल तर इलेक्ट्रोमीटर हवा. शेपूट नीट वाचणारा विद्यार्थी 'सुवर्णपत्र विद्युतदर्शीनं प्रभाराचं मूल्य मोजतात' हे विधान पाहताक्षणी चूक ठरवतो. मराठी नावातही तोच धागा आहे: दर्शी, दर्शक म्हणजे स्कोप, मापक म्हणजे मीटर.

चौकडी पूर्ण दिसते ती भूकंपाच्या यंत्रांत. इसवी सन 132 मध्ये चीनमधल्या चांग हंगनं केलेल्या भांड्याला बाहेरून ड्रॅगन होते. हादरा बसला की एका ड्रॅगनच्या तोंडातला गोळा खालच्या बेडकाच्या तोंडात पडायचा. धक्का आला आणि साधारण कोणत्या दिशेनं आला, एवढं त्यावरून कळे. तो किती वेळ चालला, कसा वाढत गेला, याची नोंद शून्य. म्हणून त्याला सिस्मोस्कोप म्हणतात. सिस्मोग्राफमध्ये अवजड वजन टांगलेलं असतं. जमीन हलते, तिच्याबरोबर चौकट आणि कागदाचं फिरतं नळकांडं हलतं, वजन मात्र जडत्वामुळे जवळजवळ जागीच राहतं आणि त्याला जोडलेली लेखणी कागदावर नागमोडी रेघ काढते. ती रेघ म्हणजे सिस्मोग्राम. जमिनीची हालचाल टिपणारा त्यातला संवेदक भाग तो सिस्मोमीटर. दवाखान्यात 'ईसीजी काढला' म्हणतो तेव्हा शेवटचा 'जी' ग्रामचाच असतो, म्हणून हातात पडतो तो कागद, यंत्र नव्हे.

नियम सगळीकडे चालतो असं मात्र नाही. फोटोग्राफ म्हणजे यंत्र नव्हे, चित्र. एक्स-रेच्या चित्रालाही रेडिओग्राफच म्हणतात. तिथे ग्राफनं ग्रामची जागा बळकावली आहे. अशा वेळी वाक्याकडे बघायचं: पुढे 'बसवला', 'जोडला' आलं तर यंत्र, 'काढला', 'छापला' आलं तर नोंद.

राहिलं ते शब्द कुठे तोडायचा. तुम्ही 'बायो म्हणजे जीव' असं एका दमात म्हणालात, पण चुका होतात त्या याच ठिकाणी. बायसेप्समध्ये जीव शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. तिथे 'बाय' म्हणजे दोन, हा लॅटिन तुकडा आहे आणि 'सेप्स' म्हणजे डोकी. ओळखायचं कसं? तोडल्यावर उरलेला तुकडा दुसऱ्या शब्दाला चिकटतो का ते पाहायचं. 'सेप्स' ट्रायसेप्समध्ये सापडतो, म्हणजे तोड बरोबर. बायॉप्सी घ्या. 'बायो' काढलं तर 'प्सी' उरतं. हा तुकडा असा कुठे भेटत नाही, म्हणजे तोड चुकली. ऑटॉप्सीमध्ये 'ऑप्सी' आहे, त्याचा अर्थ पाहणं. म्हणजे मूळ जोड बायो आणि ऑप्सी, मधला एक ओ जोडताना गळाला. जिवंत माणसाच्या शरीरातला ऊतीचा तुकडा घेऊन पाहणं, हा अर्थ मग आपोआप बसतो.

उलटही होतं: धातू शब्दाच्या शेवटी जाऊन लपतो. मायक्रोबमधला 'ब' हा बायोचाच. जिओचं तसंच. पेरिजी आणि अपोजी यांतला शेवटचा 'जी' म्हणजे पृथ्वी: चंद्र तिच्या सर्वांत जवळ असतो तो बिंदू आणि सर्वांत दूर असतो तो. वनस्पतिशास्त्रात एपिजीअल अंकुरण म्हणजे बीजपत्रं जमिनीच्या वर येणं, हायपोजीअल म्हणजे ती मातीतच राहणं. कुंडीत चवळी आणि हरभरा शेजारी शेजारी पेरा. चवळीच्या दाण्याची दोन दळं देठावर चढून वर आलेली दिसतील, हरभऱ्याचा दाणा खालीच राहील आणि फक्त कोंब बाहेर येईल. 'एपि' वर, 'हायपो' खाली. व्याख्या पाठ न करताही कोणतं कोणतं हे ठरतं.

आणि मला ग्रीक येतं का, तर नाही. या कामाला ग्रीक व्याकरण लागतही नाही, तीस-चाळीस तुकडे आणि तोड तपासायची सवय लागते. तुमच्या 'बंद करा'ला उत्तर: पुढचा लेख 'आयसो' आणि 'हेटेरो'वर आहे. प्रतिक्रिया त्यावरही जरूर द्या, फक्त आधी लेख शेवटपर्यंत वाचा.