नुसतं "इन्व्हिटेशन लेटर पाठवा" असं लिहू नका

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्या मित्रांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. एक्स्पोर्टची कागदपत्रं बघणं हे माझं रोजचं काम आहे. युरोपच्या बिझनेस व्हिसाची फाइल अडते तेव्हा बऱ्याचदा बँक स्टेटमेंट ठीक असतं, घोळ असतो तो तिकडून आलेल्या पत्रात. आणि तो घोळ इथूनच टाळता येतो, असं माझं ठाम मत आहे.

आपण बायरला दोन ओळींचा मेल टाकतो, "व्हिसासाठी लेटर हवंय." तिकडचा सेल्सवाला भला माणूस असतो, पण व्हिसा ऑफिसर काय बघतो हे त्याला कुठून माहीत असणार? तो प्रेमाने लिहितो, "आमचे जुने मित्र पुढच्या महिन्यात भेटीला येत आहेत." तारखा नाहीत, पासपोर्ट नंबर नाही, खर्च कोणाचा तेही नाही. मग ते पत्र दुरुस्त करून मागायला आपल्याला संकोच वाटतो, बायर नाराज होईल की काय! अहो, ज्याला तुमच्याकडून कंटेनरभर माल घ्यायचाय, तो एका पत्रासाठी नाराज होत नाही. उलट मसुदा आयता मिळाला की तो लेटरहेडवर उतरवून, सही करून मोकळा होतो.

ओळखीच्या एका कारखानदाराचं उदाहरण घ्या. हॅम्बुर्गचा बायर, आणि इटलीत बेर्गामोजवळ टॉवेलचे लूम बघायचे. बेत असा: रविवारी संध्याकाळी हॅम्बुर्ग. सोमवारी सॅम्पल आणि भाव. मंगळवारी बायरच्या गोदामात जाऊन शेडच्या तक्रारीचा लॉट बघायचा. बुधवारी पुढच्या सीझनच्या डिझाइन. गुरुवारी मिलानला विमान, शुक्रवारी लूमची ट्रायल, शनिवारी परत. म्हणजे जर्मनीत चार रात्री, इटलीत दोन. शेंगेनचा नियम सांगतो, मुख्य मुक्काम जिथे, अर्ज त्या देशाकडे. मुख्य मुक्काम ठरवताच येत नसेल, तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. इथे हिशेब सरळ होता, अर्ज जर्मनीकडे.

पण इटलीच्या कंपनीने पत्रात "गुरुवार ते पुढचा गुरुवार" लिहून टाकलं. का, तर साहेबांना हाताशी थोडे दिवस जास्त असावेत. हेतू चांगलाच. पण त्या पत्राप्रमाणे इटलीत सात रात्री झाल्या आणि मुख्य देशच बदलला. शिवाय विमानाचं रिझर्व्हेशन आणि इन्शुरन्स शनिवारपर्यंतचाच. असा अर्ज बघणाऱ्याने कोणता कागद खरा मानायचा? बायोमेट्रिकसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठायच्या आधी हे लक्षात आलं, म्हणून निभावलं. इटलीकडून नवीन पत्र एका मेलवर आलं.

म्हणून क्रम उलटा करा. आधी दिवसवार कार्यक्रम स्वतः लिहा: तारीख, शहर, कोणाला भेटणार, कशासाठी, मुक्काम कुठे. तो दोन्ही कंपन्यांना पाठवा आणि त्याबरोबर पत्राचा मसुदाही जोडा. पत्रात त्यांचा पत्ता, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, तुमचा पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, तुमची कंपनी, आपला व्यवहार काय आणि कधीपासून, हे सगळं यायला हवं.

नावाकडे जरा जास्त लक्ष द्या. बायर तुम्हाला व्हिजिटिंग कार्डावरच्या नावाने ओळखतो, म्हणजे दोन इनिशियल आणि आडनाव. पासपोर्टवर मात्र बऱ्याच जणांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात असतं, आडनाव वेगळ्या. पत्रात पासपोर्टप्रमाणेच पूर्ण नाव घालायला सांगा. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलात तर त्यांनाही सोपं जातं.

खर्चाचं वाक्य आपल्या मसुद्यात आपणच लिहावं. "सगळा पाहुणचार आमच्याकडे" असं बायरने लिहिलं आणि तुमच्या कव्हरिंग लेटरमध्ये "खर्च आमची कंपनी करेल" असं असलं, तर दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडतात. यजमानाने खर्च उचलणं ही जबाबदारी आहे, जर्मनीत तर त्यासाठी वेगळं औपचारिक हमीपत्र असतं. स्वतः खर्च करत असाल तर तसं स्पष्ट येऊ द्या. कारणही नेमकं हवं. "कामासाठी येत आहेत" असं लिहिलं की नोकरीचा वास येतो. सॅम्पल मंजुरी, भावाची बोलणी, मशीनची पाहणी असं लिहा.

आता वेळेचं. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण 15 दिवस, पण ते 45 पर्यंत लांबू शकतात. जानेवारीत जायचं असेल तर पत्र नोव्हेंबरच्या आधीच मागा, नाताळात तिकडची ऑफिसं ओस पडतात. आणि इटलीच्या कारखान्याकडून ऑगस्टमध्ये उत्तराची वाट बघू नका, तेव्हा तिथे बरेचसे कारखाने सुट्टीवर असतात. त्यांना जुलैतच गाठा.