आत्या पास म्हणाली की

डॉमिनोज म्हणजे पोरखेळ असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या आत्यासमोर बसावं. आम्ही ब्लॉक प्रकार खेळतो, म्हणजे २८ सोंगट्यांपैकी सात तिच्या, सात माझ्या, बाकी १४ पालथ्या पडून राहतात आणि अडलात तरी त्यातली उचलायची नाही, नुसतं पास म्हणायचं. मी मनात मोजत असतो आणि नेमकं तेव्हाच तिला कुणाचं तरी लग्न कसं मोडलं ते सांगायचं असतं.

परवाचंच घ्या. तिने ६-६ ने सुरुवात केली, मी ६-२, तिने दुसऱ्या बाजूला ६-१, मी २-३, तिने १-४, मी ४-५. आता टोकं ५ आणि ३. आत्या पास! हा पास म्हणजे सोनं आहे, कारण नवीन सोंगटी हातात येतच नाही, त्यामुळे तिच्याकडे आत्ता ५ किंवा ३ नाही म्हणजे डाव संपेपर्यंत नाही. मी ५-५ लावला, टोकं तीच, ती पुन्हा पास, आणि वर "तू मुद्दाम करतोस".

करतोच ना. माझ्याकडे उरले ५-३, ५-० आणि २-१. पाचाच्या टोकाला ५-३ लावला की दोन्हीकडे ३, माझ्याकडे दुसरा ३ नाही, तिच्याकडे तर नाहीच, डाव जाम. बाकीचे ३ पालथे झोपलेत, त्यांचं काय करायचंय? मग हातातले ठिपके मोजायचे, ज्याचे कमी तो जिंकला. माझे आठ. तिचे किती?

५ आणि ३ नसलेल्या सोंगट्या एकूण १५. त्यातल्या चार पटावर, एक माझ्या हातात, उरल्या १०: ०-०, ०-१, ०-२, ०-४, ०-६, १-१, २-२, २-४, ४-४, ४-६. सगळ्यांचे मिळून ४३ ठिपके, आणि तिच्याकडे यातल्या कुठल्या तरी चार, म्हणजे सरासरी १७ च्या आसपास. ४-६ बहुतेक नसावी, असती तर ६-१ ऐवजी तीच जड सोंगटी आधी टाकली असती, पण हा अंदाज हो, आत्या कधीकधी नुसती हाताला लागेल ती टाकते. ती आठाच्या खाली जायची तर ०-०, ०-१ असलं सगळं हलकंच हवं, चार सोंगट्यांच्या २१० जोड्यांमध्ये असल्या फक्त पाच.

"झोपलास का रे?" आत्या.

लावला ५-३. तिने सोंगट्या उलट्या केल्या: ४-४, २-४, ०-६, ०-२. बावीस! फरकाचे चौदा गुण माझे.

"एवढं डोकं बारावीला लावलं असतंस तर," आत्या म्हणाली आणि तिने सगळ्या सोंगट्या पालथ्या करून पिसायला घेतल्या, "हां, तर त्या मुलीचं काय झालं..."