त्याने मागितले नाहीत, म्हणून तो खरा?

"तीन महिने रोज बोलतोय, व्हिडिओ कॉलवर चेहरा पाहिलाय, आजवर एक रुपया मागितला नाही. उलट तोच गिफ्ट पाठवतोय. असा माणूस फ्रॉड कसा असेल? फसतात ते लोभी आणि अडाणी लोक."

हा मेसेज आमच्या परभणी भागातल्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. सेलूत माझं ऑनलाइन सेंटर आहे. फॉर्म, पैसे पाठवणं, पॅन कार्ड, सगळं इथंच चालतं. तेव्हा काउंटरच्या या बाजूनं जे पाहिलं ते सांगतो.

मागच्या हिवाळ्यात एक शिक्षिका आल्या. ताईंना एका खात्यावर ९२,००० रुपये तातडीनं टाकायचे होते. हात थरथरत होते. खाते क्रमांक टाकायच्या आधी मी विचारलं, "ताई, कुणाचं खातं आहे हे?" त्या म्हणाल्या, "कस्टमचं."

लग्न जुळवणाऱ्या एका साइटवर त्यांची लंडनच्या एका हाडांच्या डॉक्टरशी ओळख झालेली. दुसऱ्याच दिवशी बोलणं साइटवरून व्हॉट्सॲपवर आलं. त्यानं कधीच काही मागितलं नाही, हे शंभर टक्के खरं. वाढदिवसाला त्यानं पार्सल पाठवलं, खोक्याचा आणि कुरिअरच्या पावतीचा फोटोही टाकला. दोन दिवसांनी एका बाईचा फोन आला, "दिल्ली एअरपोर्ट कस्टममधून बोलतेय, ३४,५०० ड्युटी भरा." ताईंनी ती यूपीआयनं भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाईचा पुन्हा फोन, "स्कॅनमध्ये पाउंड सापडले. ९२,००० भरून सर्टिफिकेट घ्या, नाहीतर तुमच्यावर केस होईल."

पैसे मागायचं काम या खेळात प्रेम करणाऱ्याचं नसतंच, ते दुसऱ्या आवाजाकडे दिलेलं असतं. डॉक्टर उलट म्हणत होता, "माझ्यामुळं तुला त्रास झाला, मी आल्या आल्या सगळे परत देतो." त्यामुळं "त्यानं कुठं मागितले?" हे वाक्य सगळे पैसे जाईपर्यंत खरंच राहतं.

मी ताईंना खात्याचा तपशील दाखवला. एका खासगी माणसाचं बचत खातं, शाखा भलत्याच राज्यातली. सरकारी ड्युटी कुणाच्या बचत खात्यात जात नसते. परदेशातून टपालानं आलेल्या भेटवस्तूवर ड्युटी लागलीच, तर ती पार्सल हातात देताना टपाल खातं वसूल करतं. कुरिअरनं आलं तर कंपनी बिल देते. कस्टमच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो cbic.gov.in वर तपासता येतो.

राहिला चेहरा. ताईंचे दोन्ही व्हिडिओ कॉल अर्ध्या मिनिटात तुटले होते, आवाज नव्हता, "हॉस्पिटलचं नेटवर्क खराब" म्हणे. दुसऱ्याच कुणाची क्लिप कॅमेऱ्यापुढं चालवली की असाच कॉल होतो. समोरच्याला चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगावं, मान पूर्ण बाजूला वळवायला सांगावं. टाळाटाळ केली तर समजून घ्या. पण जमलं म्हणून तो खरा ठरत नाही, चेहरा बदलणारी साधनं आता यातही टिकतात. मला घड्याळ जास्त भरवशाचं वाटतं. थंडीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं. याचा "गुड मॉर्निंग, नुकताच उठलो" रोज आपल्या सकाळी सहाला यायचा, तेव्हा तिथं रात्रीचे साडेबारा.

आणि लोभी, अडाणी? ताई वीस वर्षं गणित शिकवतात. "काही पाठवू नका" हे त्यांनी चार वेळा लिहिलेलं मी चॅटमध्ये वाचलंय. आई झोपल्यावर घरात बोलायला कुणी नसायचं, त्या वेळेत त्यानं जागा केली. पैसे भरले ते पार्सलसाठी नाही, आपल्यामुळं तो अडचणीत येईल या काळजीनं. असे मेसेज पुढं पाठवणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, तुमच्या या शब्दांमुळंच फसलेला माणूस लाजेनं गप्प बसतो, आणि तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात निघून जातात.

आम्ही लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावला. तिथं व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि कुठल्या खात्यातून पैसे गेले ते विचारतात. हे हाताशी ठेवूनच फोन करा. मग cybercrime.gov.in वर तक्रार टाकली, चॅट न पुसता स्क्रीनशॉट जोडले. आधीच्या ३४,५०० पैकी ११,००० तेवढे पुढच्या खात्यात अडकवता आले, बाकीचे आदल्या रात्रीच काढून झाले होते. पुढं "फी द्या, सगळे सोडवून देतो" म्हणणाऱ्याचाही फोन आला. तोही त्याच धंद्यातला.

आम्ही फॉर्म भरत असतानाच कस्टमच्या बाईचा पुन्हा फोन आला. ताईंनी स्पीकरवर टाकला आणि शांतपणे डीआयएन विचारला. फोन कट झाला. दोन मिनिटांत डॉक्टरचा डीपी दिसेनासा झाला. त्याला तर ताईंनी अजून काहीच कळवलं नव्हतं.